आठवडा चुकला की आकडा चुकतो

डबल मार्कर किंवा ट्रिपल मार्करच्या तपासणीसाठी रक्त देताना नळीसोबत एक फॉर्म भरावा लागतो. वय, वजन, मधुमेह आहे का, सिगारेट ओढता का, जुळी आहेत का, गर्भ आयव्हीएफने राहिला का, असे प्रश्न त्यात असतात. त्यांतच एक रकाना शेवटच्या पाळीच्या तारखेचा आणि एक सोनोग्राफीच्या तारखेचा असतो. सुई टोचून घेण्याच्या घाईत हा फॉर्म बहुतेकदा काउंटरवर उभ्या-उभ्याच भरला जातो. रक्त तपासणारे यंत्र कितीही चांगले असले, तरी रिपोर्टवर शेवटी छापला जाणारा धोक्याचा आकडा या फॉर्मवर उभा असतो. त्यातही सगळ्यांत जास्त भार तारखेच्या रकान्यावर असतो. असे का होते, हे समजून घेतले तर हातात आलेला रिपोर्ट वाचता येतो आणि विनाकारण लागणारी धास्तीही टळते.

ही तपासणी आईच्या रक्तातून होते. गर्भ आणि वार काही पदार्थ तयार करतात आणि त्यांचा थोडा अंश आईच्या रक्तात उतरतो. पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, म्हणजे एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असेल, तर या पदार्थांचे प्रमाण थोडे बदलते. चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या ट्रिपल मार्करमध्ये असे तीन पदार्थ मोजतात. बाळाच्या यकृतात तयार होणारे एएफपी डाउन सिंड्रोममध्ये सरासरीने कमी असते. बाळ आणि वार मिळून तयार करतात ते इस्ट्रिऑलही कमी असते. वारेतून येणारे एचसीजी मात्र साधारण दुप्पट असते. क्वाड्रपल मार्करमध्ये इन्हिबिन-ए हा चौथा पदार्थ जोडतात. तोही वाढलेला असतो.

या शोधाची सुरुवात १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. त्याआधी एएफपी मोजले जाई ते बाळाचा मणका उघडा राहिला आहे का हे पाहायला, कारण तशा बाळाचे एएफपी बाहेर झिरपून आईच्या रक्तात खूप वाढते. गुणसूत्रदोष असलेले बाळ जन्मलेल्या एका आईचे एएफपी गरोदरपणात फार कमी आले होते. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, असे तिने डॉक्टरांना विचारले. डॉ. आयर्विन मर्कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा संबंध खरोखरच दिसला. पुढे १९८८ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले डॉ. निकोलस वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी आईचे वय आणि तीन पदार्थ यांची सांगड घालून धोका काढण्याची पद्धत मांडली. आपल्याकडची ट्रिपल मार्कर तपासणी त्याच वळणाची आहे.

आता खरी अडचण पाहू. समजा, एखाद्या बाईच्या रक्तात एएफपी ३० नॅनोग्रॅम आले. हे कमी की जास्त? नुसत्या आकड्यावरून सांगताच येत नाही, कारण हे पदार्थ आठवड्यागणिक बदलत जातात. पंधराव्या ते विसाव्या आठवड्यात एएफपी दर आठवड्याला सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. इस्ट्रिऑल त्याहून वेगाने, वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढते. एचसीजी याच काळात उतरत असते. त्यामुळे पंधराव्या आठवड्यात अगदी योग्य असलेला आकडा सतराव्या आठवड्यात कमी ठरतो. शिवाय एका प्रयोगशाळेचे किट जे ३० दाखवते, ते दुसरीचे किट २६ दाखवू शकते.

यावर तोडगा म्हणून प्रत्येक आकडा त्याच आठवड्याच्या मध्यकाशी ताडून पाहतात. एका आठवड्याच्या शंभर निरोगी गरोदर बायकांचे आकडे चढत्या क्रमाने मांडले, तर बरोबर मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक. सरासरी न घेता मध्यक घेण्याचे कारण असे की, या पदार्थांच्या बाबतीत काही थोड्या बायकांचे आकडे फार वर जातात. ते सरासरीला आपल्याकडे ओढतात. मध्यक मात्र जागचा फारसा हलत नाही. बाईचा आकडा भागिले त्या आठवड्याचा मध्यक, असा भागाकार केला की जे उत्तर येते, त्याला एमओएम म्हणतात, म्हणजे मध्यकाच्या किती पट. १ आले तर अगदी मधोमध, ०.५ आले तर मध्यकाच्या निम्मे, २ आले तर दुप्पट. १९७७ साली ब्रिटनमधल्या अनेक केंद्रांनी मिळून एएफपीचा अभ्यास केला, तेव्हा निरनिराळ्या प्रयोगशाळांचे न जुळणारे आकडे एका पातळीवर आणायला हीच युक्ती कामी आली. तेव्हापासून ती रूढ आहे.

या भागाकारात वरचा आकडा यंत्रातून येतो आणि खालचा आकडा फॉर्मवरच्या तारखेवरून निवडला जातो. तारीख चुकली, तर यंत्राने बरोबर मोजलेल्या आकड्याला चुकीच्या मध्यकाने भागले जाते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजण्यासाठी मध्यकांचे सोपे आकडे घेतले आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेचे आपापले आकडे असतात. ३२ वर्षांची एक बाई आहे. तिची पाळी कायम उशिरा, साधारण बेचाळीस दिवसांनी येते. शेवटच्या पाळीच्या तारखेनुसार आज तिला १७ आठवडे पूर्ण झाले आहेत. फॉर्मवर तेवढीच तारीख लिहिली आणि रक्त दिले. एएफपी आले ३०, इस्ट्रिऑल ०.६० आणि एचसीजी ३५. संगणकाने सतराव्या आठवड्याचे मध्यक काढले: ४०, ०.९४ आणि २३. भागाकार केला तर एएफपी ०.७५, इस्ट्रिऑल ०.६४, एचसीजी १.५२. दोन खाली, एक वर. डाउन सिंड्रोममध्ये जशी रचना अपेक्षित असते, अगदी तशीच.

आता पाळीच्या हिशेबाकडे वळू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजताना एक गृहीत धरलेले असते: पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीज बाहेर पडले. बेचाळीस दिवसांची पाळी असलेल्या बाईचे बीज बहुधा अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते. म्हणजे गर्भ राहिलाच दोन आठवडे उशिरा. आज तिचे बाळ सतरा आठवड्यांचे नसून पंधरा आठवड्यांचे आहे. तिच्या फाइलमध्ये सहा आठवड्यांपूर्वीच्या सोनोग्राफीचा कागदही आहे. पाळीच्या हिशेबाने तेव्हा अकरा आठवडे झाले होते, पण बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी भरली होती २३ मिलिमीटर. ही लांबी नऊ आठवड्यांच्या बाळाची असते. तो कागद फॉर्म भरताना कोणी उघडला नाही, एवढेच.

पंधराव्या आठवड्याचे मध्यक धरून तेच रक्त पुन्हा मोजले, तर मध्यक येतात ३०, ०.६० आणि ३५. तिन्ही एमओएम बरोबर १. रक्त तेच, यंत्र तेच आणि बाईही तीच.

एमओएमवरून धोका कसा काढतात तेही पाहू. सुरुवात वयापासून होते. ३२ वर्षांच्या आईच्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता जन्माच्या वेळी साधारण ७०० मध्ये १ असते. नंतर प्रत्येक पदार्थाबाबत विचारतात: एवढे एमओएम डाउन सिंड्रोमच्या गर्भारपणात जास्त वेळा दिसते, की निरोगी गर्भारपणात, आणि किती पटीने? त्या पटीने मूळ शक्यता गुणतात. एकटा कुठलाच पदार्थ निकाल देऊ शकत नाही, कारण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. एएफपी ०.७ असलेल्या कितीतरी आयांची बाळे ठणठणीत असतात. म्हणून तीन-चार पदार्थांचा कौल एकत्र करावा लागतो.

वरच्या उदाहरणात चुकीच्या तारखेने हा गुणाकार ढोबळमानाने चौपट भरतो आणि ७०० मध्ये १ चे १६० मध्ये १ होते. आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळा २५० मध्ये १ ही सीमा मानतात. म्हणजे रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापून येणार. बरोबर तारखेने मात्र तोच गुणाकार सुमारे एक षष्ठांश येतो आणि धोका ४००० मध्ये १ च्या आसपास उतरतो. हा हिशेब तिन्ही पदार्थ एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरून केला आहे. खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे परस्परसंबंध धरलेले असतात, त्यामुळे आकडे थोडे मागेपुढे होतील. पण दिशा हीच राहते. दोन आठवड्यांच्या चुकीने धोका वीस-पंचवीस पटींनी फिरतो.

‘हाय रिस्क’चा कागद घरी आल्यावर काय होते, हे अनेक घरांनी पाहिले आहे. कोणी म्हणते लगेच गर्भजल तपासा, कोणी म्हणते मोठ्या शहरात जा. गर्भजल काढण्यात पोट पडण्याचा धोका साधारण २०० मध्ये १ किंवा त्याहून कमी असतो, पण असतोच. नुसत्या चुकलेल्या तारखेपायी तो पत्करावा लागणे, ही मला या सगळ्यातली सर्वांत सहज टाळता येणारी गोष्ट वाटते.

तारीख उलट्या बाजूनेही चुकते आणि ती चूक जास्त दगाबाज असते. गर्भ राहिल्यावर पहिल्या महिन्यात थोडा रक्तस्राव झाला आणि बाईने त्याला पाळी समजले, तर बाळ खरे सतरा आठवड्यांचे असताना हिशेब तेरा आठवड्यांचा निघतो. बाळ खऱ्यापेक्षा लहान धरले गेले की एएफपी आणि इस्ट्रिऑल फुगून दिसतात, एचसीजी दबून दिसते. मग डाउन सिंड्रोमची खरी खूण झाकली जाते आणि ‘लो रिस्क’चा कागद हातात पडतो. शिवाय एएफपी मध्यकाच्या अडीच पटीच्या जवळ सरकले, तर मणक्याच्या दोषाची विनाकारण शंका येते.

आपल्याकडे तारखा चुकण्याची कारणे ओळखीची आहेत. पीसीओडीमुळे पाळी महिना-दीड महिना लांबते. अंगावर पाजत असताना पाळी परत सुरू होण्याआधीच दिवस राहतात. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केलेल्या असतात. आणि बऱ्याच जणींना तारीख आठवते ती सणांच्या खुणेने: ‘गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी बसले होते.’ ही आठवण बहुधा पक्की असते, फक्त ती कॅलेंडरवर नीट ठेवावी लागते, कारण सणाची इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. ‘चौथा लागला’ असे सांगितल्यावर मात्र आठवड्यांचा हिशेब करता येत नाही. चौथा लागला म्हणजे तेरावा आठवडा की सोळावा, हे त्यातून कळत नाही, आणि या तपासणीत एकेका आठवड्याला किंमत आहे.

म्हणून वय ठरवण्याची सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. या काळात सगळी बाळे जवळपास एकाच वेगाने वाढतात. आईबाप उंच की बुटके, खाणेपिणे कसे, याचा तेव्हा फारसा परिणाम नसतो. त्यामुळे डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, जिला डॉक्टर सीआरएल म्हणतात, मोजली की वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येते. नवव्या ते तेराव्या आठवड्यांत पाळीचा हिशेब आणि ही लांबी यांत सात दिवसांहून अधिक अंतर असेल, तर लांबीचा हिशेब धरायचा, असा नियम पाळतात. त्याहून आधीच्या आठवड्यांत पाच दिवसांच्या वरचा फरकही पुरतो. पुढे महिने चढतात तशी बाळांची वाढ वेगवेगळी होत जाते आणि सोनोग्राफीचा वय सांगण्याचा अंदाज सैल होतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो तीन आठवड्यांनीही चुकू शकतो. त्यामुळे एकदा सुरुवातीच्या सोनोग्राफीने तारीख ठरली, की नंतरच्या सोनोग्राफीत बाळ लहान वा मोठे दिसले म्हणून ती हलवायची नसते.

सुरुवातीची सोनोग्राफी झालीच नसेल, तर पाचव्या महिन्यात डोक्याची रुंदी मोजून वय काढावे लागते. तिथे एक बारकावा आहे. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून वय काढणे टाळतात, कारण डाउन सिंड्रोममध्ये हे हाड थोडे आखूड असते. त्यावरून वय ठरवले तर बाळ लहान धरले जाईल आणि ज्या बाळाला शोधायचे तेच निसटेल. डोक्याच्या रुंदीचे उलटे आहे. मणका उघडा असलेल्या बाळाचे डोके या काळात जरा लहान असते, त्यामुळे वय कमी धरले जाते, एएफपीचे एमओएम आणखी वर चढते आणि तो दोष उलट जास्त सहज सापडतो.

पहिल्या तीन महिन्यांतल्या डबल मार्करला या बाबतीत एक मोठा आधार आहे. ती तपासणी एनटी स्कॅनबरोबर, म्हणजे बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना करतात. मानेमागच्या पाण्याची जाडी मोजताना लांबीही मोजली जाते, आणि संगणकात तीच घालतात. हे फार गरजेचे आहे, कारण डबल मार्करमधला पॅप-ए हा पदार्थ त्या दिवसांत दर आठवड्याला निम्म्याने वाढत असतो. स्कॅन एका ठिकाणी, रक्त दुसऱ्या ठिकाणी आणि फॉर्मवर फक्त पाळीची तारीख, असे झाले की हा आधार निखळतो.

तारखेखालोखाल वजन येते. बाई अंगाने भरलेली असेल तर तिच्या शरीरात रक्त जास्त, त्यामुळे हे पदार्थ विरळ होतात. बारीक बाईच्या रक्तात ते दाट असतात. संगणक ही दुरुस्ती करतो, पण त्यासाठी त्या दिवशी काट्यावर उभे राहून केलेले वजन लागते. लग्नातले किंवा अंदाजाचे चालत नाही. किटसोबत आलेले मध्यक परदेशी बायकांच्या रक्तावरून काढलेले असतील, तर आपल्याकडच्या हलक्या वजनाच्या बायकांचे आकडे सरसकट वर झुकतात. म्हणून चांगली प्रयोगशाळा स्वतःकडच्या शेकडो निरोगी गरोदर बायकांच्या नमुन्यांवरून आपले मध्यक बांधते आणि दर महिन्याला ताळा करते: सगळ्या बायकांच्या एमओएमचा मध्यक १ च्या आसपास आहे ना? तो ०.९ च्या खाली किंवा १.१ च्या वर सरकला, तर किट, मध्यक किंवा तारखा यांपैकी काहीतरी बिघडले आहे, हे तिला कळते.

तर रिपोर्ट हातात आल्यावर धोक्याच्या ओळीआधी वरची ओळ वाचावी. बाळाचे वय किती आठवडे-दिवस धरले आहे? ते पाळीवरून की सोनोग्राफीवरून? फाइलमधल्या पहिल्या सोनोग्राफीशी ते जुळते का? वजन बरोबर लिहिले आहे का? जुळी असतील तर तशी नोंद आहे का? वय चुकलेले निघाले, तर डॉक्टरांमार्फत प्रयोगशाळेला सोनोग्राफीचा कागद पाठवून धोका पुन्हा काढायला सांगता येतो. खरे वय तपासणीच्या मुदतीत बसत असेल, तर पुन्हा रक्त द्यावे लागत नाही. फक्त भागाकार नव्याने होतो. ट्रिपल मार्करची मुदत पंधराव्या आठवड्यापासून सुरू होते, त्याआधी रक्त गेले असेल तर मात्र पुन्हा द्यावे लागते.

तारीख बरोबर असूनही धोका जास्तच आला, तर तेच रक्त दुसऱ्या प्रयोगशाळेत देऊन बरा आकडा शोधू नये. दुसऱ्यांदा घेतलेले आकडे बहुधा मध्यकाकडे झुकतात आणि त्यातून खोटा दिलासा मिळतो. पुढची पायरी वेगळी असते. आईच्या रक्तातले बाळाच्या गुणसूत्रांचे तुकडे तपासणारी एनआयपीटी डाउन सिंड्रोमची शंभरापैकी नव्याण्णव बाळे ओळखते, पण तीही चाळणीच आहे. पक्के निदान गर्भजलातल्या किंवा वारेतल्या पेशींची गुणसूत्रे पाहूनच होते. ट्रिपल मार्कर तर शंभरापैकी सत्तरच्या आसपास बाळे ओळखते. १६० मध्ये १ याचा अर्थ असा की अशा १६० आयांपैकी १५९ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो. तो आकडा पुढची तपासणी करायची की नाही हे ठरवायला असतो, बाळाचा निकाल सांगायला नसतो.

हे सगळे वेळेत व्हावे लागते. चाचण्यांना दिवस लागतात आणि गर्भपाताच्या कायद्यातली चोवीस आठवड्यांची मर्यादाही याच तारखेपासून मोजली जाते. गंभीर व्यंगाच्या बाबतीत त्यापुढे वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच पहिल्या अडीच-तीन महिन्यांत एक सोनोग्राफी करून घ्यावी, तिच्यावरची बाळाची लांबी आणि तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, आणि पुढचा प्रत्येक फॉर्म त्या पानावरून भरावा.